बिलात नसलेला मिक्सर आणि अ‍ॅपवरचे जास्तीचे एकोणीस हजार

प्रश्न: माझ्या क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट १८ ऑक्टोबरला आलं. त्यात टोटल ड्यू ₹१८,४६० आहे, शेवटची तारीख ५ नोव्हेंबर. पण २० तारखेला अ‍ॅप उघडलं तर आउटस्टँडिंग ₹३८,२५९ दिसतंय. १७ तारखेला घेतलेला ₹६,४९९ चा मिक्सर तर बिलात कुठेच नाही, तो ‘अनबिल्ड’मध्ये आहे. कार्डाचं लिमिट १ लाख, शिल्लक मात्र ₹५९,७४१ च. बँकेनं चूक केली आहे का? आणि मी नक्की भरायचे किती?

उत्तर:

आधी पैशांचं सांगतो, कारण झोप त्यानंच उडते. मागच्या महिन्याचं बिल तुम्ही पूर्ण भरलं असेल, तर ५ नोव्हेंबरपर्यंत ₹१८,४६० भरा. एवढं पुरे. बाकीच्या रकमेवर तोवर एक पैसाही व्याज लागणार नाही. मागचं बिल पूर्ण भरलं नसेल तर मात्र उत्तर बदलतं, त्याकडे पुढे येतो. बँकेची चूक मला तुमच्या आकड्यांत तरी दिसत नाही.

मी बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षं बिलांच्या तक्रारी हाताळल्या. ‘बिलात कमी रक्कम लावली आणि आता गुपचूप व्याज लावणार’ हा संशय घेऊन येणारे लोक जवळपास रोज भेटायचे. गंमत म्हणजे बिलात जास्त रक्कम आली म्हणून जेवढे येत, जवळपास तेवढेच कमी आली म्हणून घाबरून येत. दोघांचं कोडं एकच असायचं. स्टेटमेंट आणि अ‍ॅप हे एकाच हिशोबाचे दोन आकडे आहेत, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या दिवशी काढलेले फोटो असतात.

वाण्याकडची उधारीची वही आठवा. महिनाभर सामान येतं, वाणी लिहीत जातो. ठरलेल्या तारखेला तो एक आडवी रेघ मारतो, वरची बेरीज करतो आणि चिठ्ठी घरी पाठवतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही साखर आणली तर ती रेघेच्या खाली लिहिली जाते. चिठ्ठीतला आकडा त्यामुळे बदलत नाही आणि साखर फुकटही होत नाही. तुमच्या कार्डाची रेघ दर महिन्याच्या १८ तारखेला पडते. १९ सप्टेंबर ते १८ ऑक्टोबर या काळात खात्यावर चढलेलं सगळं रेघेच्या वर, म्हणजे बिलात. त्यानंतर चढलेलं रेघेच्या खाली, म्हणजे अनबिल्ड. स्टेटमेंट एकदा निघालं की तो कागद पुन्हा उघडत नाही. अ‍ॅपवरचं आउटस्टँडिंग मात्र रेघ वगैरे मानत नाही. या घडीला एकूण किती देणं आहे, एवढंच ते सांगतं.

आता खरी अडचण. मिक्सर तुम्ही १७ तारखेला घेतला, म्हणजे रेघेच्या आधी. मग तो खाली कसा गेला?

कारण मी वर मुद्दाम ‘खात्यावर चढलेलं’ असं म्हटलं, ‘खरेदी केलेलं’ नाही. कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराला दोन तारखा असतात. तुम्ही ओटीपी टाकता किंवा मशीनवर पिन दाबता, त्या क्षणी दुकानदाराची यंत्रणा तुमच्या बँकेला फक्त विचारते, ‘हा माणूस ₹६,४९९ देऊ शकतो का?’ बँक लिमिट बघते, होकार देते, तेवढी रक्कम बाजूला अडवून ठेवते आणि तुम्हाला एसएमएस पाठवते. एसएमएसमध्ये ‘स्पेंट’ किंवा ‘डेबिटेड’ असं लिहिलेलं असलं, तरी अजून एक रुपयाही हललेला नसतो. तो होकार आहे, हिशोब नाही.

हिशोब नंतर होतो. दुकानदार दिवसाच्या शेवटी मशीनवरून सेटलमेंट करतो, म्हणजे त्या दिवसाचे सगळे व्यवहार एकत्र करून आपल्या बँकेला पाठवतो. आता बऱ्याच मशीनवर हे आपोआप होतं. पण रात्री शटर ओढण्याआधी मशीनमधून निघणारी ती लांबलचक चिठ्ठी अजूनही अनेक दुकानांत दिसते. तिथून ती यादी व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे येते. बँक ती आधी दिलेल्या होकाराशी जुळवते आणि मग व्यवहार तुमच्या खात्यावर पक्का चढतो. यालाच आम्ही ‘पोस्ट झालं’ म्हणायचो. कधी तो त्याच दिवशी चढतो, पण साधारण एक ते तीन दिवस लागतात. मध्ये सुट्टी आली तर जास्त. ऑनलाइन दुकानं अनेकदा माल गोदामातून निघाल्यावरच रक्कम मागतात, तेव्हा आणखी वेळ जातो.

तुमच्या मिक्सरचं हेच झालेलं दिसतंय. १७ ला ऑर्डर, पण पोस्ट झाला १९ किंवा २० ला. स्टेटमेंट बनवणारी यंत्रणा बहुतेक बँकांमध्ये पोस्ट झालेल्या व्यवहारांवर चालते. त्यामुळे १८ च्या रात्री तिला मिक्सर माहीतच नव्हता. स्टेटमेंटमध्ये खरेदीची तारीख छापलेली असते, म्हणून पुढच्या महिन्याच्या बिलात तुम्हाला ‘१७ ऑक्टोबर’ अशी ओळ दिसेल आणि ‘हे तर मागच्या महिन्याचं!’ असं वाटेल. तिथे दचकू नका.

आता तुमचे आकडे जुळवून बघू. प्रश्नात तुम्ही मिक्सरच तेवढा लिहिला आहे. बाकीच्या ओळी तुमच्या अनबिल्डच्या यादीत असतील, त्या मी उदाहरणादाखल धरतो: १८ तारखेचा किराणा ₹२,३४०, १९ ची औषधं ₹१,१६० आणि २० ची प्रवासाची तिकिटं ₹९,८००. मिक्सर धरून बेरीज होते ₹१९,७९९. त्यात बिलाचे ₹१८,४६० मिळवा, ₹३८,२५९ आले. अ‍ॅपवर हाच आकडा आहे. तुमच्या यादीतल्या ओळी वेगळ्या असतील, पण त्यांची बेरीज ₹१९,७९९ च भरली पाहिजे. भरली तर पहिला प्रश्न मिटला.

लिमिटचं मात्र जुळत नाही, हे तुमच्या लक्षात आलं का माहीत नाही. एक लाखातून ₹३८,२५९ गेले तर ₹६१,७४१ उरायला हवेत. तुम्हाला ₹५९,७४१ दिसतात. म्हणजे ₹२,००० कुठेतरी अडकले आहेत, जे बिलातही नाहीत आणि अनबिल्डमध्येही नाहीत. ही तिसरी जागा आहे. बँकेनं होकार दिला आहे, पण दुकानदारानं अजून रक्कम मागितलेली नाही. काही अ‍ॅप हे व्यवहार ‘पेंडिंग’ म्हणून वेगळे दाखवतात, काही अनबिल्डमध्येच मिसळतात आणि काही दाखवतच नाहीत, फक्त लिमिट कमी करतात. तुमचं अ‍ॅप तिसऱ्या जातीचं दिसतंय. गेल्या आठवड्याभरातले एसएमएस चाळून ₹२,००० चा शोधा. हॉटेलात चेक-इन करताना घेतलेलं डिपॉझिट, भाड्याच्या गाडीची अनामत, रद्द झालेली ऑर्डर, असं काहीतरी निघेल. यातलं डिपॉझिट बहुधा कधीच बिलात येणार नाही. हॉटेलानं ते सोडलं, किंवा ठरावीक दिवसांत मागितलंच नाही, की अडवलेली रक्कम मोकळी होते. म्हणून पेंडिंग आणि अनबिल्ड एक समजू नका. अनबिल्ड म्हणजे पक्कं देणं, फक्त त्याची चिठ्ठी यायची आहे. पेंडिंग म्हणजे अजून देणंच ठरलेलं नाही, त्याची रक्कमसुद्धा बदलू शकते. परदेशी चलनातल्या खरेदीत हे नेहमी दिसतं. एसएमएसमधला रुपयांचा आकडा वेगळा असतो आणि पोस्ट होताना त्या दिवसाचा दर व बँकेचं मार्कअप लागून वेगळा येतो.

मिक्सर पुढच्या बिलात ढकलला गेला हे तुमच्या फायद्याचंच आहे. तो १८ ऑक्टोबरच्या बिलात आला असता तर पैसे ५ नोव्हेंबरला द्यावे लागले असते, म्हणजे खरेदीपासून १९ दिवसांत. आता तो १८ नोव्हेंबरच्या बिलात येईल. तुमची बँक बिलापासून १८ दिवस देते असं दिसतं, म्हणजे शेवटची तारीख ६ डिसेंबरच्या आसपास पडेल. १७ ऑक्टोबरपासून मोजलं तर ५० दिवस. ‘पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी’ अशा जाहिरातीतलं ‘पर्यंत’ म्हणजे हेच. रेघेच्या लगेच नंतर पडलेल्या खरेदीला सगळ्यात जास्त दिवस मिळतात आणि रेघेच्या अगदी तोंडावर पोस्ट झालेलीला सगळ्यात कमी. मोठी खरेदी १७ ऐवजी १९ ला करणारे लोक मला माहीत आहेत. मी स्वतः फ्रिजच्या वेळी तेच केलं. पण दोन दिवसांसाठी सेल सोडण्यात काही शहाणपण नाही.

आता तो ‘मागचं बिल पूर्ण भरलं असेल तर’ हा भाग. लोकांना सगळ्यात महाग पडलेली गोष्ट हीच.

बिनव्याजी मुदत हा कार्डाचा कायमचा गुण नाही. आधीच्या बिलाचा एकही पैसा बाकी नसेल तरच ती मिळते. बाकी राहिली की मुदत बंद पडते, आणि ती जुन्या बाकीपुरतीच नव्हे, तर नव्या खरेदीलाही. मग अनबिल्डमध्ये बसलेली प्रत्येक गोष्ट खरेदीच्या दिवसापासून व्याज खाऊ लागते. काही बँका पोस्ट झालेल्या दिवसापासून मोजतात. बिल यायच्या आधीच मीटर सुरू झालेलं असतं, हे मात्र सगळीकडे सारखं.

समजा, ५ नोव्हेंबरला हात आखडला आणि तुम्ही ₹१८,४६० ऐवजी ₹८,४६० भरले. मिनिमम ड्यूपेक्षा ही रक्कम जास्त आहे, त्यामुळे उशिराचा दंड लागणार नाही आणि एसएमएस ‘पेमेंट मिळालं, धन्यवाद’ असाच येईल. बहुतेकांना वाटतं की आता व्याज लागेल ते उरलेल्या दहा हजारांवर. पण वरच्या चार नव्या खरेदींची मुदतही गेली. व्याजाचा दर महिना ३.६ टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. तुमच्या बँकेचा दर स्टेटमेंटवर छापलेला असेल, तो घाला. हजार रुपयांना दिवसाला साधारण ₹१.१८ पडतात. मिक्सरला १७ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर असे ३२ दिवस मोजले तर ₹२४६. किराण्याला ३१ दिवसांचे ₹८६, औषधांना ३० दिवसांचे ₹४१, तिकिटांना २९ दिवसांचे ₹३३६. एकूण साधारण ₹७१०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹८३७. हे फक्त त्या खरेदींचं, ज्या बिलात अजून आल्याच नव्हत्या. जुन्या बिलाच्या बाकीवरचं व्याज याहून वेगळं, तेही खरेदीच्या तारखांपासूनचं. पुढच्या बिलात हे सगळं ‘फायनान्स चार्जेस’ किंवा ‘इंटरेस्ट’ अशा एका ओळीत येतं. त्यामुळे ते कशावरचं आहे, हे बघणाऱ्याला कळतच नाही.

म्हणून आता स्टेटमेंटच्या वरच्या भागातली ‘मागील शिल्लक’ आणि ‘मिळालेली रक्कम’ हे दोन खाने बघा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुम्ही सुरक्षित आहात, ₹१८,४६० भरा आणि विसरा. मिळालेली रक्कम कमी असेल, किंवा बिलात व्याजाची ओळ असेल, तर माझा सल्ला उलटा आहे. तेव्हा फक्त टोटल ड्यू भरून थांबू नका, जमेल तितक्या लवकर अनबिल्डसकट सगळं आउटस्टँडिंग भरा आणि त्या महिन्यात कार्ड बाजूला ठेवा. तुमच्यासाठी त्या वेळी अनबिल्ड आणि बिल यांत व्याजाच्या दृष्टीनं फरकच उरलेला नसतो. एवढं करूनही पुढच्या बिलात थोडं व्याज येऊ शकतं. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. ते भरलं की खातं स्वच्छ.

व्याज चालू नसताना कुणी सगळे ₹३८,२५९ भरले तर? काहीच बिघडत नाही. बिलाचे पैसे आधी वळते होतात, उरलेले अनबिल्डमधून वजा होतात आणि पुढचं बिल तेवढं कमी येतं. हातातले पैसे महिनाभर आधी गेले, एवढाच तोटा. लिमिट भरत आलं असेल आणि दिवाळीची खरेदी बाकी असेल तर हे करणं उपयोगाचं आहे, कारण भरलेली रक्कम लिमिटमध्ये लवकर परत येते. ऑटो-डेबिट लावलेलं असेल तर मात्र जरा थांबा. ती यंत्रणा स्टेटमेंटवरचा आकडा उचलते, आणि सूचना एक-दोन दिवस आधीच बचत खात्याच्या बँकेकडे गेलेली असू शकते. तुम्ही ४ तारखेला हातानं ₹१८,४६० भरले आणि ५ ला ऑटो-डेबिटनंही तेवढेच गेले, असं होतं. काही बँका मधलं पेमेंट वजा करून उचलतात, काही नाही. पैसे बुडत नाहीत, कार्डावर जमा राहतात आणि अनबिल्डमधून वळते होतात. पण बचत खात्यात त्या दिवशी घराच्या कर्जाचा हप्ता जायचा असेल तर फजिती होते.

अनबिल्डमधली सगळ्यात फसवी ओळ खरेदीची नसते, रिफंडची असते. एक किस्सा सांगतो. एका गृहस्थांचं बिल ₹२२,००० होतं. बिल आल्यावर त्यांनी ₹८,००० चा मोबाइल घेतला, आवडला नाही, परत केला. रिफंड शेवटच्या तारखेच्या आधी कार्डावर जमा झाला, एसएमएसही आला. त्यांनी साधं गणित केलं, बावीस वजा आठ, आणि ₹१४,००० भरले. पुढच्या बिलात व्याज. माणूस संतापून आला आणि त्याचं गणित कुणालाही पटेल असंच होतं. पण मोबाइल त्या बिलात नव्हताच. त्याची खरेदी रेघेच्या खाली, त्याचा रिफंडही रेघेच्या खाली. दोघांनी एकमेकांना तिथेच खाल्लं. वरचे ₹२२,००० जसेच्या तसे देणं होते, त्यातले आठ हजार कमी पडले. पहिलीच वेळ म्हणून त्यांचं व्याज परत देण्यात आलं, पण तो हक्क नव्हता.

उलट, बिलात आलेली वस्तू परत केली आणि तिचे पैसे शेवटच्या तारखेच्या आत आले, तर गोष्ट वेगळी. ज्या व्यवहाराचे पैसे ग्राहकानं अजून भरलेले नाहीत, त्याचा रिफंड शेवटच्या तारखेआधी आला तर तो लगेच देय रकमेतून वजा करून ग्राहकाला कळवावा, असं रिझर्व्ह बँकेनं कार्डांसाठीच्या २०२२ च्या निर्देशांत बँकांना सांगितलं. तरीही मी स्वतःच्या कार्डावर एकच पथ्य पाळतो. अ‍ॅपवरची किंवा बँकेनं कळवलेली देय रक्कम प्रत्यक्ष कमी झालेली दिसली तरच कमी भरायचं. मनातल्या वजाबाकीवर नाही. जास्त भरले गेले तर पुढच्या बिलात वळते होतात, कमी भरले गेले तर व्याज लागतं.

ईएमआयबद्दल थोडक्यात. अनबिल्डच्या यादीत मिक्सरसमोर ‘हप्त्यांत बदला’ असं बटण दिसत असेल. ते दाबलंत तर ₹६,४९९ त्या यादीतून निघून कर्जाच्या खान्यात जातात आणि बिलात दरमहा फक्त हप्ता येतो. लिमिट मात्र उरलेल्या पूर्ण मुद्दलानं अडलेलं राहतं. जुना एखादा ईएमआय चालू असलेल्यांना आउटस्टँडिंग आणि टोटल ड्यू यांत मोठी दरी दिसते, ती यामुळे. तुमचे आकडे त्याशिवाय जुळले, म्हणजे तुमच्याकडे तसं काही नसावं.

अनबिल्डची यादी मी आठवड्यातून एकदा बघतो, ती मात्र बिलाच्या हिशोबासाठी नाही. न केलेला व्यवहार तिथे सगळ्यात आधी दिसतो. ‘बिल येऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांचं इथे नुकसान होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवताना दिवस मोजले आहेत, ते बँकेनं व्यवहार कळवल्यापासून, म्हणजे एसएमएस किंवा ईमेल आल्यापासून. बिल आल्यापासून नाही. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी घोळ झाला, अशा वेळी तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच येत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत भुर्दंड तुमचा. ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. अनोळखी व्यवहार २० ऑक्टोबरला अनबिल्डमध्ये पडला आणि तुम्ही १८ नोव्हेंबरच्या बिलाची वाट पाहिलीत, तर सात दिवस केव्हाच उलटलेले असतील. दुकानाचं नाव अनोळखी असलं की लगेच फसवणूक समजायचं कारण नाही, कारण मिक्सर विकणाऱ्या कंपनीचं नोंदणीतलं नाव वेगळंच असू शकतं. रक्कम आणि वेळ एसएमएसशी ताडून बघा.

१८ नोव्हेंबरला नवीन बिल आलं की पाच मिनिटं काढा. ‘मागील शिल्लक’ ₹१८,४६० हवी, आणि तुम्ही भरलेले ₹१८,४६० तिच्यासमोर वजा झालेले हवेत. त्याखाली अनबिल्डमधल्या ₹१९,७९९ च्या ओळी हव्यात, प्रत्येक एकदाच, आणि मिक्सरची तारीख १७ ऑक्टोबर. मग २० ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबरमध्ये केलेली बाकी खरेदी. व्याजाची ओळ शून्य. ते अडकलेले ₹२,००० हॉटेलाचं डिपॉझिट निघालं, तर ते या बिलात नसावेत आणि लिमिटमध्ये परत आलेले असावेत. बिलात आले असतील तर हॉटेलाचं पक्कं बिल हातात घेऊन बँकेकडे वाद नोंदवा. आणि मिक्सर याही बिलात दिसला नाही, तर बँकेला विचारा, कारण अनबिल्डमध्ये पक्की चढलेली खरेदी या बिलात यायलाच हवी.